नाईटची हँडओव्हर नोट: 'रिपीट पेंडिंग' एवढंच लिहिलं आणि सकाळी घोळ झाला

रात्रपाळी

बायोकेमिस्ट्रीत आहे, रात्री ८ ते सकाळी ८ एकटीच असते. परवा सकाळी मी जी नोट ठेवून गेले त्यावरून बरंच काही झालं. कोणाला ओरडा बसला की नाही हा विषय नाहीये, मला माझी नोट तपासून हवीये, म्हणून जशीच्या तशी टाकते:

"रिपीट पेंडिंग – ४७, ५२ सोडियम, ६३ पोटॅशियम. क्रिएटिनिन लो, नवीन फ्रिजमध्ये आहे. छोटं मशीन मेंटेनन्स पेंडिंग, इंजिनियरला कळवलंय."

लिहिताना मला ही नोट पूर्ण वाटत होती कारण मागचं सगळं माझ्या डोक्यात होतं. ते असं.

आमच्याकडे दोन अ‍ॅनलायझर आहेत, दोन्हीवर आयएसई आहे. रात्री ८ ला दोन्हीचे कंट्रोल व्यवस्थित होते. पहाटे ४ ला छोट्यावर सोडियमचा कंट्रोल १३४.५ आला, टार्गेट १३८, एसडी १.५, म्हणजे मायनस २.३ एसडी. परत लावला तर १३४.४. इलेक्ट्रोडचा स्लोप आधीच्या दोन दिवसांपेक्षा बराच खाली आलेला. कॉल लॉग केला आणि तिथून पुढे सगळं आयएसई मोठ्यावर घेतलं. पण ४७ आणि ५२ त्याआधी छोट्यावरच झालेले, ३:१० आणि ३:३५ ला, सोडियम १२८ आणि १३०. ते होल्डवर ठेवले, मोठ्यावर लावायचे होते पण सहानंतर इतका लोड आला की राहूनच गेले.

६३ आला ७:२५ ला. पोटॅशियम ७.८, हिमोलिसिस अजिबात नाही. मग ७:५० ला त्याच ट्यूबचं कॅल्शियम मोठ्यावर आलं, २.९. बघितल्या बघितल्या कळलं की यात ईडीटीए गेलंय, नवीन सॅम्पल मागवायला हवं. वॉर्डला फोन लावला, दोनदा एंगेज, तेवढ्यात ८ वाजले आणि मी नोटमध्ये लिहिलं "६३ पोटॅशियम रिपीट".

सकाळच्या सहकाऱ्याने नोट वाचून तिन्ही ट्यूब परत लावल्या, त्याही छोट्या मशीनवर, कारण मोठ्यावर रांग होती आणि छोटं स्क्रीनवर रेडी दाखवत होतं. ४७ आला १२९, ५२ आला १३०, ६३ आला ७.९. तिन्ही जुळले म्हणून त्याने तिन्ही सोडले आणि ७.९ साठी वॉर्डला क्रिटिकल कॉलही केला. त्याने आपलं काम चोखच केलं की, नोटमध्ये जे होतं ते केलं.

वॉर्डच्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, तो नॉर्मल, पेशंट आरामात बसलेला, म्हणून औषध द्यायच्या आधी नवीन सॅम्पल पाठवलं. पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.१. त्यांनी तेवढं थांबून बघितलं म्हणून निभावलं. इन्सुलिन-ग्लुकोज गेलं असतं तर ४.२ वाल्या पेशंटचं काय झालं असतं हे मला दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

दुपारी मोठ्यावर ४७ आला १३२ आणि ५२ आला १३४. क्रिएटिनिन ९:०५ लाच संपलं ते वेगळंच.

तर प्रश्न एवढाच, तुमच्याकडे 'रिपीट' कसं लिहितात?

सिरमसाहेब

ताई इतकं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे साधा नियम आहे, रिपीट आधीच्याशी ५ टक्क्यांच्या आत जुळला की सोडायचा, नाही जुळला तर तिसऱ्यांदा लावायचा. तुमच्या सहकाऱ्याने तेच केलं. आणि हिमोलिसिस इंडेक्स शून्य असेल तर पोटॅशियम खरंच मानायचं, मी पंधरा वर्षं हेच करतोय.

काचनळी_जुनी

सिरमसाहेब, हिमोलिसिस बघता ते बरोबरच, पोटॅशियम खोटं वाढायचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे. पण ते नाही म्हणजे पोटॅशियम खरं, हे मला पटत नाही. ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच मीठ असतं. कोणी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं रक्त सिरमच्या ट्यूबमध्ये ओतलं की पोटॅशियम चढतं आणि सिरम दिसायला एकदम स्वच्छ पिवळं. डोळ्याला आणि इंडेक्सला काहीच दिसत नाही.

आणि ५ टक्क्यांच्या नियमाबद्दल. ती ट्यूब दहा वेळा लावा, दहा वेळा ७.८ च्या आसपासच येणार, कारण मशीन खोटं बोलत नाहीये, त्या ट्यूबमध्ये तेवढं पोटॅशियम खरंच आहे, फक्त ते पेशंटचं नाही. सोडियमचंही तसंच, इलेक्ट्रोड साडेतीन-चारने खाली वाचतोय तर दुसऱ्यांदाही तेवढंच खाली वाचणार. रिपीट जुळला यावरून एवढंच कळतं की मध्येच बुडबुडा, फायब्रिनची गुठळी, प्रोब नीट न बुडणं असलं एखाद्या वेळचं काही झालं नव्हतं. मशीनच एका बाजूला सरकलेलं असेल किंवा सॅम्पलच चुकीचं असेल तर जुळणारा रिपीट उलट खोटा धीर देतो.

रात्रपाळी, तुमच्या तिन्ही ओळी 'रिपीट'च होत्या पण कामं दोन वेगळी होती. ४७ आणि ५२ म्हणजे 'हीच ट्यूब, दुसरं मशीन'. ६३ म्हणजे 'ही ट्यूब परत लावूच नका, नवीन सॅम्पल मागवा'. मी माझ्या लोकांना हा शब्द नुसता वापरू देत नाही. एकतर 'रीरन, कुठल्या मशीनवर' लिहायचं नाहीतर 'रीकलेक्ट' लिहायचं, आणि शेजारी कारण, तीन शब्द पुरतात. तुम्ही 'ईडीटीए वाटतंय, कॅल्शियम २.९' लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

वॉर्ड_सिस्टर

मी लॅबची नाही, वॉर्डला आहे, विषय बघून आले. मला कळलं नाही, रिपीट पेंडिंग म्हणजे पेशंटचं रक्त परत घ्यायचंच ना? आमच्याकडे डॉक्टर 'रिपीट पोटॅशियम' लिहितात म्हणजे औषध दिल्यावर चार-सहा तासांनी परत काढायचं. आणि लॅबमधून 'रिपीट लावलाय' म्हणून फोन आला की आम्ही परत टोचतो.

रात्रपाळी

सिस्टर, नाही ना! लॅबमध्ये 'रिपीट लावलाय' म्हणजे तीच ट्यूब मशीनवर परत ठेवलीय, तुम्ही टोचायची गरजच नसते. आणि माझ्या नोटमध्ये तोच शब्द मी नवीन सॅम्पलसाठी वापरला. म्हणजे एकाच शब्दाचे तीन अर्थ झाले, तुमचा, माझा आणि सकाळच्या मुलाचा.

वॉर्ड_सिस्टर

अगं बाई, मग आम्ही किती जणांना उगाच टोचलं असेल. फोनवर स्पष्ट 'नवीन सॅम्पल पाठवा' किंवा 'पाठवू नका' असंच सांगत जा. आणि एक, जांभळ्यातून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओततात ही गोष्ट खरी आहे, शिरा मिळत नसल्या आणि लाल ट्यूब कमी भरली की नवीन मुलं करतात. त्यांना वाटतं रक्त ते रक्त. त्याने पोटॅशियम वाढतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

नवा_टेक

मी सहा महिन्यांपूर्वी लागलोय त्यामुळे विचारतो. ताईंना कॅल्शियम मागवलेलं होतं म्हणून कळलं. नुसतं सोडियम-पोटॅशियमच मागवलेलं असेल तर ईडीटीए कसं ओळखायचं?

काचनळी_जुनी

त्याच ट्यूबवर स्वतःहून कॅल्शियम लाव. सिरम अगदी थोडं लागतं, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर येतं. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून ते कोसळतं. अल्कलाइन फॉस्फेटेजही पडतं, त्या एन्झाइमला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेही ओढून घेतं. पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि एएलपी दोन्ही तळाला, सोडियम जवळपास जागच्या जागी, असं एकत्र दिसलं की आधी ट्यूबवर संशय घ्यायचा, पेशंटवर नंतर.

पण याला मर्यादा आहे बरं का. ओतलेलं रक्त अगदी थोडं असेल, सुईच्या टोकाला लागून आलेलं असेल, तर पोटॅशियम ४.३ चं ५.२ होतं आणि कॅल्शियम नॉर्मलमध्येच बसतं. म्हणून 'कॅल्शियम नॉर्मल आहे म्हणजे ईडीटीए नाही' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. आदल्या दिवशीचं पोटॅशियम असेल तर ते बघ, एका रात्रीत असं का उडालं याला काही कारण दिसतंय का ते बघ, नाही दिसलं तर नवीन सॅम्पल.

रक्तपेशी

हिमॅटॉलॉजीतलं माझं सांगते, थोडं वेगळं आहे पण सारखंच. हँडओव्हरला 'प्लेटलेट २२,००० रिपीट' असं होतं. मी तीच ट्यूब लावली, २४,०००. जुळलं म्हणून सोडणार होते पण स्मिअर बघायची सवय आहे म्हणून बघितला तर कडेला प्लेटलेटचे झुपकेच्या झुपके. ईडीटीएमध्येच गोळा होत होत्या. सायट्रेटची ट्यूब मागवली, आलेला आकडा १.१ ने गुणला, १ लाख ६० हजाराच्या पुढे. रात्रीच्या माणसाने स्मिअर बघितलेला होता, त्याला झुपके माहीत होते, पण नोटमध्ये आला फक्त आकडा. पेशंटला प्लेटलेट चढवायची चर्चा सुरू झालेली तोपर्यंत.

क्यूसी_वही

मला छोट्या मशीनबद्दल बोलायचंय कारण माझ्या मते खरी गळती तिथे आहे. नोट टेबलावर होती आणि मशीन स्क्रीनवर रेडी म्हणत होतं. घाईत माणूस स्क्रीनवर विश्वास ठेवतो, नोटवर नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पहाटे ४ ला दोन कंट्रोल सलग एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेले त्याच क्षणी सोडियम त्या मशीनवर मास्क करायला हवं होतं. आयएसईचा पूर्ण मॉड्यूल बंद करायची गरज नसते, बहुतेक मशीनवर एकेक टेस्ट मास्क करता येते. मास्क केलं की कोणी ट्यूब लावली तरी सोडियम होतच नाही, मशीनच अडवतं. आणि झाकणावर मोठ्या अक्षरात कागद, 'सोडियम बंद, पहाटे ४ पासून, कंट्रोल आऊट'.

'मेंटेनन्स पेंडिंग' हे शब्द मी नोटमध्ये चालूच देत नाही. महिन्याची लॅम्प बदली पेंडिंग असली तरी तेच लिहितात आणि इलेक्ट्रोड मेलेला असला तरी तेच. सकाळच्या माणसाला एकच हवं असतं, आत्ता या मशीनवर काय लावायचं आणि काय नाही.

रात्रपाळी

मास्क करायला हवं होतं, मान्य. मी स्वतः लावणार नव्हते ना त्यावर, म्हणून सुचलंच नाही. पोटॅशियम आणि क्लोराइड छोट्यावर ठीक होते, त्यांचे कंट्रोल आत होते, म्हणून पूर्ण बंद करावंसं वाटलं नाही.

सिरमसाहेब

काचनळी सरांचं वाचलं, रिपीटचं पटलं, मी तसा विचार केला नव्हता. पण क्रिएटिनिनवर कोणी बोलतच नाहीये. लो आहे म्हणून लिहिलंय, नवीन बॉक्स फ्रिजमध्ये आहे म्हणूनही लिहिलंय, यात ताईंचं काय चुकलं? सकाळच्या माणसाने पॅक काढायचा, लावायचा, बारकोड वाचला की मशीन स्वतःच घेतं. आम्ही नवीन पॅक लावून सरळ सॅम्पल सुरू करतो.

काचनळी_जुनी

(मी सर नाही, मॅडम आहे, चालायचंच.)

तोच लॉट असेल तर तुमचं बरंचसं बरोबर आहे, कितीतरी टेस्टना नुसता पॅक बदलला तर कॅलिब्रेशन पुढे चालतं, तरी एकदा कंट्रोल लावूनच मग पेशंट घ्या. लॉट बदलला की मात्र कॅलिब्रेशन आलंच. बारकोड वाचल्याने मशीनला पॅक ओळखता येतो, तो लॉट कसा वाचतोय ते त्याला त्यावरून कळत नाही. रात्रपाळी, तुमचा बॉक्स त्याच लॉटचा होता का? आणि मशीनवर किती टेस्ट उरल्या होत्या?

रात्रपाळी

लॉट वेगळा होता. ८ ला ३८ टेस्ट दाखवत होतं. कॅलिब्रेटरची बाटली उघडलेली नव्हती, पावडर स्वरूपातच होती.

काचनळी_जुनी

मग आता सोबत हिशोब करू. तुमच्याकडे ८ ते १० मध्ये क्रिएटिनिन किती येतात?

रात्रपाळी

राउंडचे सॅम्पल आणि ओपीडी एकदम येतं, साधारण ७०. तासाला ३५ धरा.

काचनळी_जुनी

म्हणजे ३८ टेस्ट एक तासाच्या थोड्या वर पुरणार. त्यातही सकाळच्या दोन लेव्हलचे कंट्रोल गेले, एक-दोन डायल्यूशनचे रीरन गेले, आणि पॅकच्या तळातले शेवटचे चार-पाच बऱ्याचदा मिळतच नाहीत, बुडबुडा आला की मशीन लेव्हल एरर देतं. म्हणजे नऊच्या आसपास संपणारच होतं. तुमचं ९:०५ ला संपलं, गणिताप्रमाणेच संपलं.

आता नवीन लॉट चालू करायला किती वेळ? कॅलिब्रेटरमध्ये पिपेटने मोजून पाणी घालायचं, हलक्या हाताने फिरवायचं, हलवायचं नाही कारण फेस आला की आकडा चुकतो, आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. मग कॅलिब्रेशन, मग कंट्रोल, ते बघणं, म्हणजे अजून अर्धा तास. सगळं नीट झालं तर एक तास. तर ९ ला रिएजंट संपू नये म्हणून कॅलिब्रेटरमध्ये पाणी ८ ला पडायला हवं, म्हणजे नोट वाचता वाचताच. 'क्रिएटिनिन लो' वाचून हे कोणाला कळणार? तो बिचारा ९:०५ ला मशीन पिवळं झाल्यावर फ्रिजकडे गेला असणार.

म्हणून किती उरलंय ते लिहा पण त्याहून जास्त, किती वाजेपर्यंत पुरेल ते लिहा. 'क्रिएटिनिन ३८, नऊपर्यंत. नवीन लॉट, कॅलिब्रेशन लागेल, कॅलिब्रेटरमध्ये ७:४५ ला पाणी घातलंय, ८:१५ नंतर वापरा.' ते पाणी घालायला रात्रीच्या माणसाला तीन मिनिटं लागतात.

रात्रपाळी

तसंच झालं. ९:०५ ला संपलं आणि १०:४५ ला पहिला क्रिएटिनिन बाहेर पडला, कारण पहिलं कॅलिब्रेशन फेल गेलं. बहुतेक घाईत बाटली हलवली गेली. चाळीसच्या वर सॅम्पल अडकले आणि त्यात सीटीला कॉन्ट्रास्टसाठी थांबलेले दोघं होते, त्यांना क्रिएटिनिनशिवाय घेतच नाहीत.

नवा_टेक

एक सांगू का? सकाळच्या बाजूने मीच असतो बऱ्याचदा. ८ वाजता नोट हातात येते तेव्हा मागे तीन जण काउंटरवर उभे असतात. नोट लांबली तर मी ती वाचणारच नाही हे खरं आहे. मॅडम म्हणतात ते सगळं लिहिलं तर पानभर होईल.

क्यूसी_वही

पानभर होत नाही. ज्याला आत्ता हात लावायचाय ते वर, बाकी सगळं खाली किंवा वहीत. ताईंच्या रात्रीत पहिल्या तासात करायच्या गोष्टी तीनच होत्या, ६३ चं नवीन सॅम्पल, कॅलिब्रेटर, आणि छोट्यावर सोडियम नाही. आणि तोंडी हँडओव्हर पाच मिनिटं मशीनसमोर उभं राहून घ्यायचाच. माझा आग्रह आहे की येणाऱ्याने परत बोलून दाखवायचं, '६३ रीरन नाही, नवीन मागवायचा', जसं क्रिटिकल कॉलला समोरच्याकडून वाचून घेतो तसं. तुमच्या केसमध्ये तो 'तिन्ही परत लावतो' म्हणाला असता की तिथेच पकडलं गेलं असतं.

रक्तपेशी

ट्यूब कुठे आहे हेही लिहा प्लीज. पेंडिंग सॅम्पल शोधण्यात माझी वीस मिनिटं जातात. सेंट्रीफ्यूज झालंय का, रॅक कुठला, फ्रिजमध्ये आहे का.

काचनळी_जुनी

हो, आणि ते नुसतं शोधण्यापुरतं नाही. पेंडिंग ट्यूब बदलत असते. जेल नसलेली ट्यूब सिरम वेगळं न करता पडून राहिली तर पेशी ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के जातं. आणि कोणी चांगल्या हेतूने सेंट्रीफ्यूज न केलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली तर पोटॅशियम पेशींमधून बाहेर येऊन वाढतं, थंडीत पेशींचा पंप बसतो म्हणून. मग सकाळचा रीरन रात्रीच्या आकड्याशी जुळला नाही की लोक मशीनला शिव्या घालतात. सोडियमचं तसं बरं असतं, झाकण लावलेलं असेल तर काही तास काही होत नाही, म्हणून तुमचे ४७ आणि ५२ दुपारी लावले तरी ते आकडे धरायला हरकत नाही. खाली वाचण्याचा फरकही कंट्रोलइतकाच आहे बघा, चारच्या आसपास, म्हणजे इलेक्ट्रोडचंच काम.

सिरमसाहेब

ताई, एक विचारायचं राहिलं. तुम्हाला ७:५० ला ईडीटीए कळलं होतं तर फोन एंगेज होता म्हणून सोडला, पण तसाही तो आकडा तुम्ही फोनवर सांगणार होता का? माझ्या मते खोटा आहे माहीत असलेला आकडा वॉर्डला सांगूच नये, घाबरून औषध देतात.

क्यूसी_वही

मी उलट म्हणेन. सांगायचंच, पण आकडा सोडायचा नाही. 'पोटॅशियम खूप वर येतंय, सॅम्पलमध्ये गडबड वाटतेय, लगेच नवीन पाठवा.' समजा आपला अंदाज चुकला आणि पेशंटचं पोटॅशियम खरंच ७.८ असेल तर? किडनीच्या पेशंटमध्ये वर पोटॅशियम आणि कमी कॅल्शियम दोन्ही खरं असू शकतं. तिथे तासभर गप्प बसणं परवडत नाही.

सिरमसाहेब

कमी म्हणजे ७ असेल, २.९ नसेल. २.९ कॅल्शियम असलेला माणूस आरामात बसत नाही, झटके येतील.

क्यूसी_वही

२.९ ला मीही मान्य करते. पण ६.८ आलं तर? ती रेषा कुठे मारायची हे रात्री एकट्या माणसाने ठरवावं असं मला वाटत नाही. फोन करायचा आणि डॉक्टरांना पेशंटकडे बघू द्यायचं.

वॉर्ड_सिस्टर

वॉर्डच्या बाजूने सांगते, 'गडबड वाटतेय' म्हणून फोन आला तर आम्हाला मदतच होते, ईसीजी लावून ठेवतो आणि सॅम्पल दुसऱ्या हातातून नीट घेतो. आकडाच सांगितला की तो आकडा फाइलमध्ये जातो आणि मग तिथून निघत नाही. पण आमच्याकडचे सगळे डॉक्टर आधी ईसीजी बघतात असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

नवा_टेक

मॅडम, अजून एक. कंट्रोल ८ ला ठीक, ४ ला आऊट. मग मधल्या आठ तासांत छोट्यावर जे सोडियम गेले त्यांचं काय? ताईंनी फक्त ४७ आणि ५२ होल्ड केले कारण ते कमी होते. पण १३६ आलेला खरा १४० असेल, आणि १४४ आलेला खरा १४८ असेल, तो तर नॉर्मल म्हणून निघून गेला असणार ना?

काचनळी_जुनी

हा प्रश्न विचारलास याचं मला फार बरं वाटलं. हो, बरोबर. कमी दिसलेल्यांवर नजर जाते, आणि जो वर असून नॉर्मल दिसला त्याच्याकडे कोणी बघत नाही.

करायचं असं. शेवटच्या चांगल्या कंट्रोलपासून पहिल्या वाईट कंट्रोलपर्यंतचे छोट्यावरचे सगळे सोडियम काढायचे. शेवटून मागे जायचं, दर पाचवी ट्यूब मोठ्यावर लावायची. फरक दिसत असेल तर मधल्याही सगळ्या लावायच्या. ओळीने तीन-चार ट्यूबमध्ये फरक दिसेनासा झाला की ड्रिफ्ट तिथून सुरू झाला असं धरायचं. मग ज्यांचा फरक उपचार बदलण्याइतका आहे त्यांचे रिपोर्ट दुरुस्त करून वॉर्डला फोन. हे कामही नोटमध्ये पेंडिंग म्हणून यायला हवं होतं, रात्रपाळी, आणि खरं सांगायचं तर तुमच्या तीन ओळींत सगळ्यात मोठं राहून गेलेलं हेच आहे. ट्यूब अजून आहेत का?

रात्रपाळी

मी हे वाचूनच उठले, रात्री ड्युटीवर आहे. ट्यूब तीन दिवस ठेवतो आम्ही, फ्रिजमध्ये आहेत, झाकणं लावलेली. लावून सांगते.

रात्रपाळी

केलं. रात्री ८ ते पहाटे ४ मध्ये छोट्यावर ३१ सोडियम झाले होते, ४७ आणि ५२ धरून. मागून दर पाचवी लावत गेले. १:४० च्या आधीच्या ट्यूबमध्ये फरक १ च्या आत, त्यानंतर वाढत गेलाय, २ मग ३ मग ४. १:४० नंतरच्या एकूण ११ निघाल्या. दोन आधीच दुरुस्त झालेल्या, सात पुन्हा लावल्या, दोघांचं सिरमच शिल्लक नाही.

सातपैकी सहा जणांचा फरक असा नाही की कोणी काही वेगळं केलं असतं. एक मात्र १४५ गेला होता, तो १४९ आहे. नॉर्मलच्या कडेला म्हणून सुटला होता. सुपरवायझरना रात्रीच फोन केला, दुरुस्त रिपोर्ट काढला, वॉर्डला कळवलं, पेशंट अजून अ‍ॅडमिट आहे आणि त्याचं सकाळचं सोडियम पाठवणार आहेत.

इलेक्ट्रोड काल बदलून झाला. इंजिनियर गेल्यावर कॅलिब्रेशन आणि दोन लेव्हल कंट्रोल आत आले, शिवाय पाच पेशंट ट्यूब दोन्ही मशीनवर लावून बघितल्या, फरक १ च्या आत, मग मास्क काढला.

आजची सकाळची नोट अशी लिहिलीये:

"आत्ता करायचं: ग्लुकोज ४४ टेस्ट, ९:१५ पर्यंत. नवीन पॅक तोच लॉट, रिएजंट ट्रेमध्ये ठेवलाय, लावल्यावर कंट्रोल.
१९ – रीकलेक्ट. ट्यूब परत लावू नका. सिरममध्ये फायब्रिन, काडीने काढूनही परत येतंय. सिस्टरांना ६:५० ला सांगितलं, सॅम्पल आलं नाही अजून.
२७ – रीरन, मोठं मशीन, एएसटी. पहिल्या वेळी लेव्हल एरर. सिरम वेगळं केलंय, निळा रॅक, जागा ३.
मशीन दोन्ही चालू, काही बंद नाही. छोट्याचा नवीन सोडियम इलेक्ट्रोड, दुपारी २ ला एक जादा कंट्रोल लावा.
सोडियम लुकबॅक: दोन ट्यूब संपल्या आहेत, नंबर वहीत, सुपरवायझर ठरवणार."

त्या दोघांचं काय करायचं मला खरंच माहीत नाही. एक डिस्चार्ज झालाय.

क्यूसी_वही

नोट वाचता आली, काय करायचं तेही कळलं. त्या दोघांचे किती गेले होते?

रात्रपाळी

एक १३८, एक १३३. डिस्चार्ज झालेला १३३ वाला आहे.

काचनळी_जुनी

चारचा फरक धरला तर १३३ चा १३७ होतो, त्याचं काही बिघडणार नाही बहुतेक, पण 'बहुतेक'वर रिपोर्ट बदलता येत नाही आणि अंदाजाने आकडा टाकायचा तर अजिबातच नाही. रिपोर्टवर शेरा पडायला हवा की हा आकडा त्या वेळच्या मशीनच्या त्रुटीमुळे खात्रीचा नाही, आणि ज्या डॉक्टरांनी पाठवला त्यांना फोन. नवीन सॅम्पल बोलवायचं की नाही ते त्यांनी पेशंट बघून ठरवावं.

सिरमसाहेब

डिस्चार्ज झालेल्या माणसाला १३३ साठी परत बोलवणं मला जास्त वाटतं. पण शेरा पडायला हवा हे खरं. मी आज आमच्या वहीत गेल्या महिन्यातले 'रिपीट' काढून बसलोय, त्यातले कुठले रीरन होते आणि कुठले रीकलेक्ट ते मलाच सांगता येत नाहीये, आणि निम्मे मीच लिहिलेत.

रात्रपाळी

१९ चं सॅम्पल आलं आत्ता ७:४० ला. लावते आणि नोटमधून ती ओळ काढते.